जात ग्रंथातून आली की समाजातून? वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

आमच्या वाचनकट्ट्यावर जातीवरचं कुठलंही पुस्तक घेतलं की पुढचा महिनाभर तेच प्रश्न येत राहतात. काही रागाने विचारलेले असतात, काही खरोखर जाणून घेण्यासाठी. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. एका वाक्यात सांगा ना, जात धर्मग्रंथांनी निर्माण केली की ती समाजात आपोआप तयार झाली?

एका वाक्यात सांगता येत नाही, कारण तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारताय. जात सुरू कशी झाली, हा पहिला. ती अजून टिकली कशाच्या जोरावर, हा दुसरा. फुले, केतकर, आंबेडकर, गांधी, इरावती कर्वे यांच्यातले मतभेद वाचताना आधी बघा की माणूस कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेली निम्मी खरी आहेत, आणि ती खाली आहेत.

2. वर्ण आणि जात एकच ना? मग वाद कसला?

एक नाहीत. वर्ण चार, ते ग्रंथात आहेत आणि सगळ्या देशाला एकच यादी लागू आहे. जाती हजारो, त्या गावात आहेत, आणि जिल्हा बदलला की त्यांची नावं आणि पायऱ्याही बदलतात. मुलगी द्यायची वेळ येते तेव्हा कोणी वर्ण विचारत नाही. जात विचारतात, बहुतेकदा पोटजातही.

इरावती कर्वे यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. महाराष्ट्रातले कुंभार घ्या. बाहेरून बघणाऱ्याला तो एक धंदा आणि एक जात वाटते. आत मात्र थोरचाके वेगळे, लहानचाके वेगळे. चाक वेगळं, आणि बेटीव्यवहारही वेगळा. एक मोठी जात फुटून हे तुकडे पडले असं मानण्यापेक्षा, आधीपासून वेगवेगळे असलेले गट एकाच धंद्यात आले आणि त्यांना एक नाव चिकटलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मते असे गट वैदिक समाजाच्या आधीपासून होते आणि चार वर्णांची चौकट त्यांच्यावर नंतर बसवली गेली. हे मान्य केलं तर जातीचं मूळ ग्रंथात शोधण्यात अर्थ उरत नाही. ग्रंथात फार तर त्या चौकटीचं मूळ सापडेल.

3. पण ऋग्वेदात पुरुषसूक्त आहे. मुखातून ब्राह्मण, पायांतून शूद्र. याहून स्पष्ट काय हवं?

सूक्त आहे, आणि ते दहाव्या मंडलातलं नव्वदावं. त्यातल्या बाराव्या ऋचेत चारही वर्ण येतात. पण ‘शूद्र’ हा शब्द साऱ्या ऋग्वेदात याच एका ठिकाणी आहे. दहावं मंडल इतर मंडलांच्या मानाने उशिराचं समजलं जातं, म्हणून बरेच अभ्यासक ही रचना नंतरची धरतात. शिवाय त्या ऋचेत लग्न, शिवाशिव, पंगत यांतलं काहीच नाही. जातीची ओळख ज्या गोष्टींवरून पटते त्यातली एकही तिथे नाही.

म्हणून सूक्त निरुपद्रवी आहे, असं मात्र नाही. समाज एका देहासारखा आहे आणि त्यात वर-खाली ठरलेलं आहे, ही कल्पना त्याने दिली. पुढच्या धर्मशास्त्रकारांनी तिच्यावर इमारत उभी केली. आंबेडकरांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ (1946) या पुस्तकात या सूक्ताची सविस्तर उलटतपासणी केली आहे. शूद्र मुळात वेगळा वर्ण नव्हतेच, ते क्षत्रियांपैकी होते. ब्राह्मणांनी त्यांचं उपनयन नाकारलं आणि ते खाली ढकलले गेले, असं त्यांचं प्रतिपादन. पुस्तक अर्पण केलंय जोतीरावांना.

4. म्हणजे जाती मनूने केल्या, असंच ना?

मनुस्मृतीचा दहावा अध्याय एकदा शांतपणे वाचा. सुरुवातीलाच मनू सांगतो की वर्ण चार, पाचवा नाही. पण भोवतालच्या समाजात तर शेकडो गट दिसत होते. त्यांचं काय करायचं? त्याने वर्णसंकराचा हिशेब मांडला. ब्राह्मण पुरुष आणि वैश्य स्त्री यांची संतती अंबष्ठ, शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची चांडाल, अशी लांबलचक यादी.

त्या यादीतली दोन नावं बघा: मागध आणि वैदेह. मगध आणि विदेह हे तर प्रदेश. त्या प्रदेशांतले लोक अमक्या-तमक्या संकरातून जन्मले, असं स्मृती सांगते! त्याच अध्यायात यवन, शक आणि चीन हे धर्मविधी सुटल्याने पतित झालेले क्षत्रिय ठरतात. म्हणजे आधीच अस्तित्वात असलेल्या लोकांना नंतर वंशावळ चिकटवली, हे कागदावरच दिसतं. जाती निर्माण करणारा माणूस अशी कसरत करत नाही. समोर दिसणाऱ्या जाती आपल्या चौकटीत कोंबणारा करतो.

श्रीधर व्यंकटेश केतकर (ज्ञानकोशवाले) यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असताना जातीच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते 1909 साली आलं. त्यांनी मनुस्मृतीच्या काळचा समाज हाच मुख्य आधार धरला, पण तिच्याकडे बघितलं ते त्या काळच्या समाजाची साक्ष म्हणून.

5. आंबेडकरांनी जातीच्या उगमाबद्दल नेमकं काय म्हटलं होतं?

9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. तो सावकाश वाचण्यासारखा आहे, कारण त्यात देवही नाही आणि शाप-वरदानही नाहीत. जवळजवळ सगळा स्त्री-पुरुषांच्या संख्येचा हिशेब आहे.

जातीचं सार एकच: गटाबाहेर लग्न करायचं नाही. बाकी सगळं त्यातून येतं. आता हिशेब बघा. एका गटाने ठरवलं की आपली मुलं-मुली आपल्यातच द्यायची. समजा लग्नाच्या वयाचे शंभर पुरुष आणि शंभर बायका आहेत. जोड्या लागल्या, दारं बंद झाली. पण नवरा-बायको एकाच दिवशी मरत नाहीत. नवरा गेला की एक बाई उरते. ती बाहेर लग्न करेल तर गट फुटेल. आत करेल तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा नवरा घेईल. मग तिचं काय करायचं? एक तर तिला नवऱ्याबरोबर जाळायचं, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचं, आणि तिच्याकडे कोणाचं मन जाऊ नये अशा स्थितीत तिला ढकलायचं.

बायको मेली तर पुरुष उरतो. त्याला जाळायला कोणी तयार होत नाही, गटाला तो हवा असतो. त्याच्यावर ब्रह्मचर्य लादलं तर ते टिकत नाही. मग त्याला अशी बायको द्यायची जी अजून लग्नाच्या बाजारात आलेलीच नाही, म्हणजे लहान मुलगी. संख्या पुन्हा जुळली.

सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आपल्याला वाटत नाही. आंबेडकरांनी त्या एकाच कुलपाच्या तीन किल्ल्या म्हणून दाखवल्या. त्या चालींचं गुणगान ग्रंथांनी केलं ते नंतर, हाही त्यांचा मुद्दा.

दार पहिल्यांदा कोणी लावून घेतलं? त्यांच्या मते पुरोहितवर्गाने. बाकीच्यांनी नक्कल केली. वरच्या वर्गाच्या जितकं जवळ तितकी नक्कल पक्की, दूर जावं तशी विरळ. आणि एकाने दार लावलं की शेजारी न मागता बाहेर राहतो. त्याचाही आपोआप वेगळा गट होतो.

मनूबद्दल त्याच निबंधात ते म्हणतात की जात मनूच्या कितीतरी आधीपासून होती. त्याने तिचं समर्थन केलं, तिला नियमांत बसवलं, पण एका माणसाला एवढ्या मोठ्या समाजावर असा कायदा लादता येत नाही. उपदेशाने जात झाली नाही आणि उपदेशाने जाणारही नाही, असंही त्यांनी तिथे लिहून ठेवलंय.

6. मग अकरा वर्षांनी महाडला मनुस्मृती का जाळली? मत बदललं का?

आम्हाला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा. 25 डिसेंबर 1927, महाड. दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

त्या वर्षी मार्च महिन्यात काय झालं ते आधी आठवा. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वीच केला होता. अस्पृश्य मानलेले लोक आंबेडकरांबरोबर तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि त्यानंतर त्यांना झोडपून काढण्यात आलं. नंतर तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. ठराव हाताशी असूनही माणसं अडवली गेली, कारण अडवणाऱ्याला मनातून वाटत होतं की आपण धर्म राखतोय. ते वाटणं कुठून येतं, हा आता प्रश्न झाला. 1916 चा प्रश्न तो नव्हता.

1936 साली हेच त्यांनी सविस्तर मांडलं. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं, वेदशास्त्रांवरचा भाग खटकला, आणि अधिवेशनच रद्द केलं. आंबेडकरांनी भाषण स्वखर्चाने छापलं. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यातला गाभा असा: हिंदू माणूस दुष्ट आहे म्हणून जात पाळत नाही, तो धर्मशील आहे म्हणून पाळतो. तेव्हा दोष पाळणाऱ्याचा नाही. ज्या शास्त्रांनी त्याला हे शिकवलं त्यांचं पावित्र्य मोडलं पाहिजे.

माझ्या मते इथे मत उलटलेलं नाही. उगम सामाजिक आणि पहारा धार्मिक, असं दोन्ही एकत्र नांदू शकतं. पण एक बदल नाकारता येत नाही: 1916 मध्ये ग्रंथांना ते जवळजवळ निष्प्रभ समजत होते, 1936 मध्ये तसं राहिलं नाही. मधल्या वीस वर्षांत त्यांनी महाड आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाहिला होता.

7. गांधीजींनी यावर काय उत्तर दिलं?

जुलै 1936 मध्ये ‘हरिजन’मधून. जातीचा धर्माशी संबंध नाही, ती एक रूढी आहे, तिचा उगम मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही नाही, ती आध्यात्मिक आणि राष्ट्रीय दोन्ही वाढीला घातक आहे, असं त्यांनी लिहिलं. वर्णाश्रम मात्र त्यांनी त्या वेळी सोडला नव्हता. प्रत्येकाने बापजाद्यांचा धंदा करावा, सगळे धंदे सारख्या मोलाचे, असा अर्थ त्यांनी लावला. धर्माची परीक्षा त्याच्या सर्वांत वाईट नमुन्यांवरून करू नये, संतांवरून करावी, असाही त्यांचा आग्रह होता.

गंमत बघा: ‘जात ही रूढी आहे, तिचा धर्माशी संबंध नाही’ हे म्हणणं 1916 च्या आंबेडकरांच्या शेजारी ठेवलं तर फारसं विसंगत दिसत नाही. आंबेडकरांनी मात्र उत्तरात विचारलं की संतांनी शास्त्रांवर हल्ला कधी केला? देवापुढे सगळे सारखे म्हणणं वेगळं आणि माणसामाणसांत सगळे सारखे म्हणणं वेगळं. शिवाय सामान्य माणूस शास्त्राचा जो अर्थ पाळतो तोच समाजात चालतो, तुम्ही घरी बसून लावलेला सोज्वळ अर्थ चालत नाही.

8. जोतीराव फुले कुठल्या बाजूला?

दोन्हींपैकी कुठल्याच सरळ बाजूला नाहीत. ‘गुलामगिरी’ (1873) मध्ये त्यांची मांडणी जिंकणाऱ्यांची आणि हरलेल्यांची आहे. बाहेरून आलेल्या आर्यांनी इथल्या बळीच्या लोकांना जिंकलं, आणि ती जीत कायम राहावी म्हणून पुराणं रचली. वामन, परशुराम या कथा ते हल्ल्याच्या बातम्यांसारख्या उलट्या वाचतात. म्हणजे मूळ राजकीय, आणि ग्रंथ हे नंतर मुद्दाम केलेलं हत्यार. आर्यांच्या स्वारीचा हा भाग आंबेडकरांनी पुढे स्वीकारला नाही; जातींमागे वंशभेद आहे हे त्यांनी नाकारलं. तरी ग्रंथ कोणाच्या सोयीचा आहे हे आधी विचारायची सवय फुल्यांकडूनच पुढे आली.

9. ‘चातुर्वर्ण्यं मया सृष्टं गुणकर्मविभागशः’ असं गीता म्हणते. म्हणजे जन्मावर नाहीच ना?

हा चौथ्या अध्यायातला तेरावा श्लोक. वरवर पाहता अर्थ तुमच्या बाजूचा आहे. अडचण अठराव्या अध्यायात येते. तिथे चार वर्णांची कर्मं ‘स्वभावज’ आहेत, आणि दुसऱ्याचं काम चांगलं जमत असलं तरी आपलंच सदोष काम करावं, असं सांगितलंय. माणसाचा स्वभाव कशावरून ओळखायचा आणि कोणी ओळखायचा, याची रीत गीता देत नाही. रीत नसली की जन्मच ती जागा भरून काढतो. गुणांवरून वर्ण ठरवायचे तर ते दर पिढीला नव्याने ठरवणारी यंत्रणा लागेल, ती कुठे आहे, असा आंबेडकरांचाही आक्षेप होता.

10. ग्रंथ आणि समाज यांची प्रत्यक्ष टक्कर झाल्याचं एखादं उदाहरण?

कोल्हापूरचं वेदोक्त प्रकरण. कार्तिक महिना, साल 1899. शाहू महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला गेले. बरोबर मुंबईचे राजारामशास्त्री भागवत होते. भटजी मंत्र म्हणत होते, आणि शास्त्रीबुवांच्या कानाला ते वेदोक्त म्हणजे वेदातले नव्हे, तर पुराणोक्त म्हणजे पुराणातले लागले. विचारल्यावर भटजींनी सांगितलं की शूद्रांना पुराणोक्तच सांगायचे. समोर कोण होतं? छत्रपती.

ग्रंथावर जायचं तर प्रश्न सोपा होता. क्षत्रियाला वेदोक्ताचा अधिकार आहे, यावर कोणाचा वाद नाही. पण ‘कलावाद्यन्तयोः स्थितिः’ असं एक वचन प्रचारात होतं: कलियुगात पहिला आणि शेवटचा एवढे दोनच वर्ण उरले, मधले दोन संपले. म्हणजे ब्राह्मण सोडून बाकी सगळे शूद्र. चार वर्ण सांगणारा ग्रंथही हाताशी, दोनच उरले म्हणणारं वचनही हाताशी. कुठलं काढायचं ते वेळ बघून.

असंच 1674 मध्ये झालं होतं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला अडथळा आला तेव्हा काशीच्या गागाभट्टांनी त्यांचं क्षत्रियत्व मान्य केलं, आधी मुंज लावली, मग अभिषेक झाला. सव्वादोनशे वर्षांनी त्यांच्याच गादीवरच्या राजाला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

शाहूंनी राजोपाध्यांना वेदोक्त विधी करायला सांगितले. त्यांनी नकार दिला. महाराजांनी त्यांची इनामं जप्त केली. राजोपाध्ये इंग्रज सरकारकडे गेले, अपिलं फेटाळली गेली. पुढे शंकराचार्यांच्या पीठानेही वेदोक्ताला मान्यता दिली. तोपर्यंत शास्त्रातला एक शब्दही बदलला नव्हता. इनामं कोणाच्या हातात आहेत, एवढंच बदललं होतं.

ग्रंथ महत्त्वाचा नाही असं म्हणणाऱ्यांना हे प्रकरण आवडतं. पण उलट बाजूही बघा: गादीवरचा राजा आणि त्याला क्षत्रियत्व सिद्ध करायला वेदमंत्रच हवे होते! ग्रंथाचा मान दोन्ही पक्षांना मान्य होता, म्हणून तर भांडण एवढं पेटलं. पुढे 1920 मध्ये शाहूंनी ‘क्षात्रजगद्गुरू’ म्हणून स्वतःचा धर्मगुरू नेमला, तोही त्याच मानासाठी.

11. जात तर इंग्रजांनी बनवली, असं हल्ली वाचतो. खरं का?

अर्धं. 1901 च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींना सामाजिक मानाच्या क्रमाने लावायला घेतलं, आणि वरची पायरी मिळावी म्हणून जातींच्या सभांचे अर्ज सुरू झाले. निकोलस डर्क्स यांच्यासारखे इतिहासकार दाखवतात की सैल आणि ठिकठिकाणी वेगळ्या असलेल्या ओळखी या काळात घट्ट आणि देशव्यापी झाल्या. इंग्रजी न्यायालयांनी पंडितांना विचारून संस्कृत ग्रंथांनाच ‘हिंदू कायदा’ मानलं, म्हणजे मनूला न्यायालयात जागा मिळाली ती तेव्हा.

पण चोखोबा कंपनी सरकारच्या पाचशे वर्षं आधीचा. देवळाबाहेर उभं राहायला त्याला रिस्लेने सांगितलं नव्हतं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही असं दिसलं की भारतात वेगवेगळ्या मूळच्या लोकांचं मिश्रण साधारण 1900 वर्षांपूर्वीपर्यंत सर्रास चालू होतं आणि नंतर ते आटलं. प्रश्न 5 मधलं दार बंद होणं ते हेच. कोणाच्या सांगण्यावरून, हे जनुकं सांगत नाहीत.

12. जात हिंदू ग्रंथांतून आली असेल, तर गोव्याच्या ख्रिस्ती लोकांत बामण, चारदो आणि सुदीर या जाती कुठून आल्या?

समाजवाद्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. (राजकारणातले समाजवादी नव्हेत, ‘जात समाजातून आली’ म्हणणारे.) सोळाव्या शतकापासून धर्मांतरं झाली, ग्रंथ बदलला, देव बदलला. पण सोयरीक जिथे जुळत होती तिथेच जुळत राहिली, आणि चर्चच्या कोंफ्रारियांतले, म्हणजे भाविकांच्या मंडळांतले, मानही जातवार राहिले. भारतातल्या मुसलमानांतही बिरादऱ्या आहेत.

यावर ग्रंथवाद्यांचं उत्तर आंबेडकरांनीच देऊन ठेवलंय: इतरांत जात आहे, पण ती मोडली तर त्यांना धर्मातून कोणी काढत नाही. हिंदूंच्या बाबतीत मोडणाऱ्याला धर्म बुडवल्याचं पाप लागतं. गोव्यातल्या अनुभवावरून मला हे उत्तर थोडं अपुरं वाटतं. पापाची भीती नसतानाही चारशे वर्षं जात टिकते, तर तिला ग्रंथाचा आधार लागतोच असं कसं म्हणायचं?

13. कायदा कुठली बाजू घेतो?

दोन्ही, आणि एकाच वेळी. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदू धर्मातल्यांनाच अनुसूचित जातीत धरत. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. याचा मथितार्थ असा की अस्पृश्यता धर्मासोबत जाते: धर्म सोडला की ती सुटली. तोच कायदा इतर मागासवर्गीयांच्या यादीत मात्र मुसलमान आणि ख्रिस्ती जातींना घेतो, कारण तिथे जात हा सामाजिक गट धरलाय. 1956 साली नागपूरला दीक्षा घेतलेल्यांना केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षं थांबावं लागलं, ते या पहिल्या समजुतीमुळे.

14. ‘पोथीजात’ हा शब्द सावरकरांचा ना? मग तेही ग्रंथवादीच?

हो, शब्द त्यांचा. जातिभेद निसर्गाने जन्माला येत नाही, तो पोथीत आहे म्हणून मानला जातो, असं ते म्हणत. म्हणजे टिकण्याच्या प्रश्नावर ते आंबेडकरांच्या बरेच जवळ. फरक उपायात आहे. पोथीला जुन्या काळचं पुस्तक म्हणून मान देऊन कपाटात ठेवा आणि रोटीबंदी, बेटीबंदी, वेदोक्तबंदी धरून सातही बेड्या तोडा, एवढं त्यांना पुरेसं वाटत होतं. आंबेडकरांना वाटत नव्हतं.

15. आमची जात कुठल्याच ग्रंथात सापडत नाही. मग आम्ही कुठले?

बहुतेकांची सापडत नाही. ग्रंथातली यादी छोटी आणि गावातली मोठी, हे प्रश्न 4 मध्ये आलंच. गेल्या महिन्यात एका वाचकाने मुलीचं लग्नाचं माहितीपत्रक नजरेखालून घालायला पाठवलं होतं. रास, नाडी, गोत्र, उंची, पगार सगळं नीट भरलेलं. ‘अपेक्षा’ या रकान्यात लिहिलं होतं: ‘पोटजात चालेल.’ घरात मनुस्मृती आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, छे, कधी पाहिलीही नाही. मग रकान्यात ‘जात चालेल’ असं का नाही लिहिलं? त्यावर ते हसले आणि म्हणाले, ‘अहो, नातेवाइकांना काय सांगू?’